‘लेटरचं काय झालं?’ : व्हिसासाठी कंपनीचं पत्र मागताना

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, पत्र कसं मागावं यावर बोलतो. ते हसले. पण आपल्या वडोद्यात आज मराठी घर असं सापडणं कठीण, की ज्यातलं कोणीतरी परदेशी गेलेलं नाही. मुलगा कॅनडात, मुलगी जर्मनीत, भाची लंडनला. मग कधी बाळंतपण, कधी पदवीदान, कधी लग्न, आणि इथून आईवडिलांना जायचं असतं. व्हिसाच्या कागदांची यादी हातात पडते. त्यातले बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं, विमा हे सगळं आपण स्वतः जमवू शकतो. एकच कागद असा असतो जो दुसऱ्याच्या हातात असतो. तो म्हणजे आपण जिथे नोकरी करतो तिथलं पत्र. आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

मी राज्य सरकारच्या एका कचेरीत आस्थापना शाखेत काम करतो. म्हणजे मी अशी पत्रं मागणारा नव्हे, तयार करणारा माणूस आहे. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते आज सांगावं, एवढाच हेतू आहे.

मी एकच प्रकरण घेतो. आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र घेत नाही. आपण त्यांना काका म्हणू. एका खाजगी कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. मुलगी जर्मनीत. तिचं बाळंतपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. काका-काकूंनी २० नोव्हेंबर २०२५ ला निघायचं ठरवलं. काका तीन आठवड्यांनी परत येणार, काकू तिथे जास्त दिवस राहणार. अहमदाबादच्या व्हिसा अर्ज केंद्रात दोघांना १३ ऑक्टोबरची वेळ मिळाली होती.

नवरात्रात एका संध्याकाळी काका घरी आले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हणाले, “अरे, दहा दिवस झाले मागे लागलोय. त्या एचआरच्या मॅडम काही लेटर देत नाहीत. बघ, तूच वाच.”

मी वाचलं. मूळ चॅट अर्धी गुजराती, अर्धी हिंदी होती. मराठीत सांगायची तर अशी:

१९ सप्टेंबर. काका : मॅडम, व्हिसासाठी कंपनीचं लेटर पाहिजे होतं.
(मॅडमकडून अंगठ्याचं चिन्ह.)

२२ सप्टेंबर. काका : मॅडम, लेटरचं काय झालं?
मॅडम : कसलं लेटर?
काका : जॉबचं. जर्मनीला जायचंय, मुलीकडे.
मॅडम : ओके, सांगते.

२४ सप्टेंबर. काका : त्यात पगार पण लिहाल ना? आणि रजेचं पण.
मॅडम : रजा मंजूर आहे का?
काका : साहेबांनी हो म्हटलंय.

२६ सप्टेंबर. काका : अर्जंट आहे मॅडम, प्लीज. पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे.
मॅडम : पुढच्या आठवड्यात बघू.

आता मला सांगा, यात कोणाचं चुकलं? काका नम्र आहेत. मॅडम उद्धट नाहीत. तरीही दहा दिवसांत काहीच हललं नाही. मी काकांना म्हटलं, “काका, तुम्ही मॅडमच्या खुर्चीत बसून हे वाचा.”

त्या खुर्चीतून काय दिसतं? पहिली गोष्ट, ‘लेटर’ म्हणजे कोणतं? नोकरीत असल्याचा दाखला, पगाराचा दाखला, परदेशी जाण्यास हरकत नसल्याचं पत्र, अनुभवाचं प्रमाणपत्र, हे सगळे निरनिराळे नमुने आहेत. दुसरी गोष्ट, मॅडम पत्र टाइप करतात, पण सही त्यांची नसते. सही करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्यांना काहीतरी कागद ठेवावा लागतो. ‘अमुक कर्मचाऱ्याने चॅटवर मागितलं’ असं सांगून कोणी लेटरहेडवर पगाराचा आकडा लिहून देत नाही. तिसरी गोष्ट तारखेची. काकांनी सांगितलं ‘पुढच्या महिन्यात’. मॅडमनी उत्तर दिलं ‘पुढच्या आठवड्यात बघू’. म्हणजे त्यांच्या हिशेबाने त्या वेळेच्या आधीच बघणार होत्या! काकांच्या मनात १३ तारीख होती, पण ती चारही दिवसांच्या संदेशांत कुठेच नव्हती. ‘अर्जंट’ हा शब्द होता. आमच्या कचेरीत दिवसाला येणाऱ्या प्रत्येक अर्जावर कोणीतरी ‘अर्जंट’ म्हणतंच. ज्या अर्जावर तारीख असते तो वर ठेवला जातो.

तेव्हा काम असं होतं, की चार दिवसांत विखुरलेलं हे बोलणं एका ईमेलमध्ये आणायचं आणि त्यात मुदत स्पष्ट लिहायची. आम्ही ते कसं केलं, ते क्रमाने सांगतो.

आधी एक कोरा कागद घेतला आणि चॅटमधून कामाची माहिती उतरवून काढली. पत्र कशासाठी : जर्मनीचा व्हिसा. पत्रात काय : नोकरी, पगार, रजा. भेट कधी : चॅटमध्ये नाही, काकांना विचारून लिहिली. रजा कधीपासून कधीपर्यंत : चॅटमध्ये नाही. रजा मंजूर आहे का : तोंडी. या शेवटच्या ओळीवर आम्ही थांबलो. पत्रात ‘रजा मंजूर केली आहे’ असं वाक्य लागणार, आणि रजेचा अर्ज तर झालेलाच नव्हता. मॅडमनी २४ तारखेला नेमका तोच प्रश्न विचारला होता. काकांना वाटलं होतं त्यांनी उत्तर दिलं. मॅडमच्या दृष्टीने उत्तर आलंच नव्हतं, कारण साहेबांचं ‘हो’ रेकॉर्डवर नाही. सोमवारी, २९ सप्टेंबरला, काकांनी सकाळी कंपनीच्या पद्धतीप्रमाणे रजेचा अर्ज केला आणि मग दुपारी ईमेल पाठवला. चॅटचं ईमेल करताना हा मोठा फायदा होतो. जे राहून गेलंय ते लिहिताना आपोआप समोर येतं.

मग मुदत काढली. मुदत म्हणजे भेटीची तारीख नव्हे, हे नीट लक्षात घ्या. भेट १३ ऑक्टोबर, सोमवारी. पत्र १३ ला सकाळी मिळून उपयोग नाही. ११ आणि १२ ला शनिवार-रविवार, काकांच्या ऑफिसला सुट्टी. पत्रात चूक निघाली तर दुरुस्तीला दोन कामाचे दिवस हवेत, ते गुरुवार ९ आणि शुक्रवार १०. म्हणून पत्र हातात हवं बुधवारी, ८ ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत. मग उलट बाजूने पाहिलं : मॅडमना किती दिवस मिळतात? ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर, मग २ तारखेला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, ३ तारीख, पुन्हा शनिवार-रविवार, आणि ६, ७, ८. एकूण सहा कामाचे दिवस. एका पत्रासाठी हे पुरेसे आहेत. दोन दिवसच उरले असते तर मुदत तीच राहिली असती, पण ईमेलबरोबर फोन करून कारण सांगावं लागलं असतं.

कोणी म्हणेल, ८ ऐवजी ३ तारीखच लिहायची, म्हणजे ८ पर्यंत नक्की मिळेल. मी तसं करू नका म्हणेन. आमच्या टेबलावर असे अर्ज येतात. भेटीच्या कागदावर १३ तारीख दिसते आणि अर्जात ३. मधल्या दहा दिवसांचं कारण दिलेलं नसतं. मग त्या माणसाच्या पुढच्या तारखेवरही विश्वास राहत नाही. मोकळे दिवस ठेवायचे, पण ते कशासाठी ठेवले हे लिहून ठेवायचे.

मुदत हुकली तर काय होईल, हेही आम्ही मोजून पाहिलं, कारण तेच एका ओळीत ईमेलमध्ये जायचं होतं. जर्मनी शेंगेन देशांपैकी आहे. त्या देशांचा नियम असा, की अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करायचा. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. काकांचा प्रवास २० नोव्हेंबरचा, म्हणजे अर्जाची शेवटची तारीख ५ नोव्हेंबर. वर पाहायला गेलं तर १३ ऑक्टोबर हुकली तरी तीन आठवडे उरतात. पण मध्ये २० ऑक्टोबरची दिवाळी. आपल्याकडे कितीतरी कारखाने दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत बंद असतात, म्हणजे २६ ऑक्टोबरपर्यंत पत्रावर सही करायला माणूसच नाही. त्यात अर्ज केंद्रात दुसरी वेळ दिवाळीआधी दिसत नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला आणि निर्णय लांबला, तर मुलीचं बाळंतपण आईवडिलांविना. ईमेलमध्ये आम्ही भावनेचं काही लिहिलं नाही. फक्त ‘दुसरी वेळ दिवाळीपूर्वी उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलं. वाचणाऱ्याला त्यातून सगळं कळतं.

प्रत्यक्ष ईमेल इंग्रजीत गेला, कारण कंपनीचं पत्रही इंग्रजीतच हवं होतं. इथे त्याचा मराठी मजकूर वाचून दाखवतो.

विषय : जर्मनी व्हिसासाठी नोकरीचं व रजेचं पत्र – ८ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आवश्यक – कर्मचारी क्रमांक (अमुक)

आदरणीय मॅडम,

जर्मनीच्या अल्पकालीन व्हिसासाठी मला कंपनीच्या लेटरहेडवर नोकरीचं पत्र हवं आहे. ते बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी संध्याकाळपर्यंत मिळावं, ही विनंती.

व्हिसा अर्ज केंद्रातली माझी भेट सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५ रोजी अहमदाबाद इथे आहे. ९ आणि १० ऑक्टोबर हे दिवस पत्रात काही दुरुस्ती निघाल्यास त्यासाठी ठेवले आहेत. ही भेट हुकल्यास दुसरी वेळ दिवाळीपूर्वी उपलब्ध नाही.

पत्रात पुढील बाबी असाव्यात :
१. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि पासपोर्ट क्रमांक
२. हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख, नोकरी कायम असल्याचा उल्लेख
३. पगारचिठ्ठीप्रमाणे दरमहा एकूण पगार
४. मंजूर रजा : २० नोव्हेंबर २०२५ ते १२ डिसेंबर २०२५. कामावर हजर होण्याची तारीख : १५ डिसेंबर २०२५
५. प्रवासाचं कारण : जर्मनीत राहणाऱ्या मुलीची भेट. प्रवासास कंपनीची हरकत नाही
६. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, ईमेल, तारीख आणि कंपनीचा शिक्का

रजेचा अर्ज आज सकाळी केला आहे. मंजुरी येताच याच ईमेलला जोडून पाठवतो.

पत्र देण्यात काही अडचण असेल, किंवा सही करणारे अधिकारी या काळात बाहेरगावी असतील, तर कृपया १ ऑक्टोबरपर्यंत कळवावं.

याविषयी १९ ते २६ सप्टेंबरच्या दरम्यान आपलं चॅटवर बोलणं झालं होतं. आपल्या सोयीसाठी सर्व माहिती इथे एकत्र दिली आहे.

सोबत : पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत, भेटीचा कागद, ऑगस्टची पगारचिठ्ठी, पत्राचा कच्चा मसुदा.

आपला,
(नाव, विभाग, फोन)

एवढंच. मोबाईलच्या पडद्यावर दोनदा बोट सरकवलं की संपतं. आता यातल्या काही ओळी अशाच का आहेत, ते सांगतो.

मुदत विषयाच्या ओळीत आहे आणि पहिल्या परिच्छेदातही आहे. रोज शंभर ईमेल येणारा माणूस आधी विषयांची यादीच वाचतो. तारखेत महिना अक्षरांत लिहिला आहे, कारण ०८/१० कोणी आठ ऑक्टोबर वाचतो, तर कोणी दहा ऑगस्ट. परदेशाशी संबंधित कागदात तर हा घोटाळा हमखास होतो.

‘पगारचिठ्ठीप्रमाणे दरमहा एकूण पगार’ असं मुद्दाम लिहिलं. कंपन्यांना वार्षिक एकत्रित आकडा लिहायची सवय असते. त्यात भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं धरलेलं असतं. व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र तीन कागद शेजारी शेजारी असतात : पत्र, पगारचिठ्ठी आणि बँकेचा उतारा. समजा पत्रातला वार्षिक आकडा बाराने भागून साठ हजार निघतात, चिठ्ठीवर चोपन्न हजार आहेत आणि बँकेत जमा होतात सत्तेचाळीस हजार सहाशे. तिन्ही आकडे खरे असू शकतात, पण समोरच्याला ते जुळलेले दिसत नाहीत. पत्रातला आकडा चिठ्ठीशी जुळला, की चिठ्ठीतली कपात पाहून बँकेचा आकडाही आपोआप समजतो.

कामावर हजर होण्याची तारीख वेगळी मागितली, कारण व्हिसा देणाऱ्याला मुख्य शंका एकच असते : हा माणूस परत जाईल ना? रजा कधी संपते आणि हजर कधी व्हायचं, हे कंपनीने लिहिलं की त्या शंकेला कागदावर उत्तर मिळतं. मात्र ‘हे नक्की परत येतील याची हमी कंपनी घेते’ असलं वाक्य मागू नका. कोणताही अधिकारी त्यावर सही करणार नाही, आणि त्या एका वाक्यापायी सगळं पत्र वरच्या साहेबांकडे विचारायला जाऊन पडतं. जे कंपनीच्या नोंदीत आहे तेच मागावं. देशागणिक थोडा फरक असतो, पण गाभा तोच. ब्रिटनच्या व्हिसाच्या मार्गदर्शनातही लेटरहेडवर हुद्दा, पगार आणि नोकरीचा काळ असलेलं पत्र सांगितलेलं आहे. आपल्या देशाची यादी वाचून तिच्यातल्या बाबी या क्रमांकांत घालायच्या.

आता ती १ ऑक्टोबरची ओळ. ईमेलमध्ये दोन तारखा आहेत. आठ तारीख पत्रासाठी, एक तारीख नकारासाठी. आपल्याकडे ‘नाही’ म्हणायला लोक संकोचतात, म्हणून ‘बघू’ म्हणतात, आणि ‘बघू’त आठवडा जातो. नकार किंवा अडचण सांगायची वेळही आपणच नेमून दिली, तर समोरच्याला ती सांगणं सोपं होतं, आणि आपल्या हातात पर्याय शोधायला दिवस राहतात.

चॅटचा उल्लेख शेवटी आणि एकाच वाक्यात आहे. काकांना आधी लिहायचं होतं, ‘वारंवार विनंती करूनही आपण दखल घेतली नाही’. मी म्हटलं, “काका, हा ईमेल मॅडमना सही करणाऱ्या साहेबांपुढे ठेवायचा आहे. त्यात त्यांचीच तक्रार असेल, तर त्या तो पुढे कसा पाठवतील?” तक्रारीचं वाक्य गेलं आणि ‘आपल्या सोयीसाठी’ आलं.

ईमेल मॅडमना पाठवला आणि प्रत काकांच्या विभागप्रमुखांना. ज्यांनी रजा मंजूर करायची तेच प्रतीवर असल्याने मॅडमना वेगळं विचारायची गरज उरली नाही. सरळ मोठ्या साहेबांना प्रत पाठवायची घाई करू नये. ते पाऊल नंतरसाठी ठेवावं. पाठवताना कंपनीचा ईमेल असेल तर तोच वापरावा. कारखान्यात अनेकांना तो नसतो. मग स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, पण कर्मचारी क्रमांक विसरू नका.

मग चॅटचं काय? चॅट टाकून द्यायची नाही. तिचं काम बदलायचं. ईमेल गेल्यावर काकांनी एकच संदेश पाठवला : “मॅडम, व्हिसाच्या पत्रासाठी आज दुपारी ईमेल पाठवला आहे. ८ ऑक्टोबरपर्यंत हवं आहे. सगळी माहिती आणि मसुदा त्यातच आहे.” चॅट आता फक्त ईमेलकडे बोट दाखवते. माहिती मात्र एकाच जागी राहते. यापुढे मॅडमनी चॅटवर काही विचारलं तरी उत्तर त्याच ईमेलच्या साखळीत द्यायचं आणि चॅटवर लिहायचं, ‘ईमेलवर उत्तर दिलं आहे’. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर, चॅट म्हणजे व्हरांड्यात भेटून सांगणं, आणि ईमेल म्हणजे आवक नोंदवहीत नंबर पडणं.

पुढे काय झालं? ३० तारखेला सकाळी मॅडमचं उत्तर आलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले : पत्र कोणाच्या नावे करायचं, आणि पत्नीचा उल्लेख हवा का? काकांनी उत्तर दिलं, जर्मन वाणिज्य दूतावासाच्या व्हिसा अधिकाऱ्यांना उद्देशून करावं, आणि सही-शिक्क्यानिशी दोन प्रती द्याव्यात. काकू नोकरी करत नाहीत, काकांच्या उत्पन्नावर अवलंबून आहेत, म्हणून त्यांच्या अर्जालाही ते पत्र लागणार होतं. हे आमच्याही यादीत आधी नव्हतं. मॅडमनी विचारलं म्हणून वेळेवर सुचलं. १ ऑक्टोबरला रजा मंजूर झाली. काकांनी मंजुरी त्याच साखळीत जोडली.

पत्र ७ तारखेला आलं, मुदतीच्या एक दिवस आधी. पण काकांनी ते घरी आणून पासपोर्ट शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा दोन चुका निघाल्या. कंपनीच्या नोंदीत काकांचं नाव वडिलांच्या नावाशिवाय होतं. पासपोर्टमध्ये स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण आहे. आपल्या मराठी-गुजराती नावांत हे फार होतं. दुसरी चूक अशी, की रजा ‘२० नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर’ छापली होती. म्हणजे सुरू होण्याआधीच संपली! काकांनी त्याच साखळीत दोन ओळींत लिहिलं, कोणत्या ओळीत काय आहे आणि काय हवं. ९ तारखेला दुपारी दुरुस्त पत्र हातात पडलं. ठेवलेले दोन दिवस इथे कामी आले. १३ ऑक्टोबरला दोघं सगळे कागद घेऊन अहमदाबादला गेले.

व्हिसा त्या पत्रामुळे मिळाला, असं मी म्हणणार नाही. व्हिसा देणं न देणं हा दूतावासाचा अधिकार. पण अर्ज अपुरा राहिला नाही, एवढं नक्की.

पत्र हाती आल्यावर काय पाहायचं, ते या अनुभवावरून सांगतो. नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवा. सगळ्या तारखा मोठ्याने वाचा. चुकीचा महिना डोळ्यातून सुटतो, पण कानातून सुटत नाही. पगार चिठ्ठीशी जुळवा. आणि पत्रावरच्या फोनवर खरंच कोणी उचलतं का, ते मॅडमना विचारून घ्या, कारण दूतावासातून पडताळणी होऊ शकते.

उत्तरच आलं नाही तर? पहिले दोन कामाचे दिवस थांबा. मग नवा ईमेल लिहू नका. त्याच ईमेलवर ‘सर्वांना उत्तर’ देऊन वर एक ओळ लिहा : ‘खालील विनंतीविषयी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे. मुदत ८ ऑक्टोबर.’ म्हणजे पहिल्या ईमेलची तारीख आणि मजकूर खाली तसाच दिसतो. त्यानंतरही शांतता असेल, तर जाऊन भेटा, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी त्याच साखळीत एचआर प्रमुखांना प्रत जोडा. भाषा तीच ठेवा.

आणि कंपनीने दिलंच नाही तर? लहान दुकानांत, ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना ही अडचण खरोखर येते. ईमेल पाठवल्याने कंपनीला पत्र देणं बंधनकारक होत नाही. मग नेमणुकीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, फॉर्म १६, रजा मंजुरीचा ईमेल, आणि पगार जमा झालेला बँकेचा उतारा, हे एकत्र लावायचं. अर्जासोबतच्या आपल्या पत्रात सरळ लिहायचं, की कंपनीकडे अमुक तारखेला लेखी मागणी केली होती, पत्र मिळालेलं नाही, त्याऐवजी हे पुरावे जोडले आहेत. हे नेहमीच मान्य होईल असं नाही, पण ते खरं असतं. कुठून तरी लेटरहेड मिळवून, स्वतःच मजकूर छापून, शिक्का मारून आणायचा सल्ला काही दलाल देतात. त्याच्या वाटेलाही जाऊ नका. खोटा कागद हे व्हिसा नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि तो नकार पुढे अनेक देशांच्या अर्जांत सांगावा लागतो. मघाशी मी ‘कच्चा मसुदा’ जोडला म्हणालो, तो यापेक्षा वेगळा. तो साध्या कागदावर, वर ‘मसुदा’ असं लिहिलेला, मॅडमना टाइप करायला सोपं जावं म्हणून. तपासणार त्या, छापणार त्या, सही साहेबांची.

सरकारी नोकरीतल्या सभासदांसाठी दोन शब्द. आपल्याकडे पत्राच्या आधी परवानगी लागते. परदेशी जाण्यासाठी रजा आणि ना-हरकत कार्यालयप्रमुखांमार्फत वरच्या कार्यालयात जाते, आणि प्रत्येक टेबलावर काही दिवस थांबते. म्हणून तिथे सहा दिवसांचा हिशेब चालत नाही. भेटीची वेळ घेण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी अर्ज टाका. पण अर्जाची रीत हीच. विषयात तारीख, पहिल्या वाक्यात मागणी, कारणाला भेटीचा कागद जोडलेला, आणि टपालात देऊन आवक क्रमांक घेतलेला. फाइल कुठे आहे हे विचारायला जाल, तेव्हा तो क्रमांकच तुमच्या कामाला येईल.

एवढं बोलून थांबतो. तो ईमेल नाव-गाव काढून इंग्रजीत आणि मराठीत छापून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या मुलांचं बोलावणं येऊ घातलंय त्यांनी घेऊन जाव्यात. रिकाम्या जागा भराल तेव्हा मुदतीची जागा सगळ्यात आधी भरा. ती भरायला बसलात की बाकीचं काय राहिलंय ते दिसायला लागतं.